दार उघडण्याच्या आधी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरी आलेला कोणीही माणूस पाणी न घेता परत जात नसे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी पाहुण्यांपलीकडचा एक माणूस निवडला आहे. तो रोज आपल्या दाराशी येतो, मिनिटभर थांबतो आणि जातो. कुरिअरवाला, पार्सल देणारा, जेवणाचा डबा किंवा किराणा पोचवणारा. त्याच्याशी वागण्याच्या, एक पैसाही न लागणाऱ्या काही साध्या रीती मला आज नागपूरच्या संदर्भात मांडायच्या आहेत. बक्षिसीचा किंवा दिवाळीच्या पोस्तीचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तो खिशाचा प्रश्न आहे.

दाराशी येणारा माणूस आपल्याला नवा नाही. पोस्टमन होताच. पण पोस्टमनची एक बीट असायची. तोच माणूस त्याच गल्ल्यांतून वर्षानुवर्षं फिरायचा. कुणाचा मुलगा कुठे नोकरीला आहे, कुणाची मनीऑर्डर कधी येते, कुणाला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक असायचं. महिन्याचा पगार ठरलेला असल्यामुळे ओट्यावर दोन घटका टेकून पत्र वाचून दाखवलं, तर त्याचं उत्पन्न कमी होत नसे. त्याच्याशी आपुलकीनं वागायला आपल्याला सवड होती, ओळख होती.

आजच्या माणसाला ना बीट आहे, ना ओळख. आज आलेला मुलगा उद्या येईलच असं नाही. बहुतेकांना पैसे पोचवलेल्या नगामागे मिळतात, थांबलेल्या वेळाचे मिळत नाहीत, किंवा मिळाले तर फार थोडे. त्यामुळे आपल्या हातात ओळख वाढवायला वर्षं नाहीत, एकच मिनिट आहे. त्या मिनिटात गोड बोलणं चांगलंच. पण माझं म्हणणं असं आहे की या माणसाबद्दलची बरीचशी माणुसकी बेल वाजायच्या आधीच करायची असते. तयारी हाच इथला शिष्टाचार आहे.

त्याचा दिवस जरा डोळ्यांसमोर आणा. सकाळी कुरिअरच्या हबवर पार्सलं छाटली जातात. ज्याच्या त्याच्या भागाची यादी, म्हणजे रनशीट, फोनवर येते. तो ती आपल्या रस्त्याच्या क्रमानं मनात लावतो, पिशवी भरतो आणि निघतो. समजा त्याच्याकडे साठ पार्सलं आहेत आणि आठ तास आहेत. म्हणजे प्रत्येक पार्सलामागे गाडी चालवणं, घर शोधणं, फोन लावणं, जिने चढणं, सही किंवा ओटीपी घेणं, हे सगळं धरून आठ मिनिटं. आता त्या साठांपैकी वीस घरांनी प्रत्येकी फक्त तीन मिनिटं जास्त घेतली, तर एक तास गेला. म्हणजे सात-आठ पार्सलं त्या दिवशी पोचली नाहीत. ती उद्याच्या यादीत येतात आणि उद्याचं गणितही बिघडवतात. आपण आतून सहज म्हणतो, ‘दोन मिनिटं थांब हं, आलेच.’ ती दोन मिनिटं कुणाच्या पदरची, हे या हिशोबात दिसतं.

ही मिनिटं सर्वांत जास्त कुठे जातात? दारात नव्हे, दार शोधण्यात. आणि इथे आपलं नागपूर जरा वेगळं शहर आहे. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ हे आखलेले भाग सोडा. मानेवाडा, बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर, नारी, वाठोडा या बाजूंना शहर ले-आउटांनी वाढलं. एकेका गृहनिर्माण सोसायटीनं शेताचा तुकडा घेतला, प्लॉट पाडले, एकपासून नंबर घातले. शेजारच्या सोसायटीनंही एकपासूनच घातले. नागपूर सुधार प्रन्यासाच्या कामकाजात ५७२ ले-आउट आणि १९०० ले-आउट हे शब्द आपण इतके ऐकले आहेत की ते वस्त्यांच्या नावांसारखे झाले आहेत. त्याचा साधा परिणाम असा की एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट नंबर ४७ असतो आणि नाल्यापलीकडे तिसराही असतो.

आता हा पत्ता ऐका: ‘प्लॉट नं. ४७, हनुमान मंदिराजवळ, मानेवाडा रोड, नागपूर.’ लिहिणाऱ्याला तो पूर्ण वाटतो, कारण त्याला आपलं घर माहीत आहे. पण मानेवाडा रोडवर हनुमानाची मंदिरं किती असतील? पार्सलवाला पहिल्या मंदिरापाशी थांबतो आणि फोन लावतो. फोन आत चार्जिंगला लावलेला आहे, कुणी उचलत नाही. तो नकाशावरच्या खुणेकडे जातो. ती खूण घरात, मागच्या खोलीत बसून लावलेली असते, म्हणून ती मागच्या गल्लीत पडते. मागची गल्ली दुसऱ्या ले-आउटची, आणि मधे भिंत. भिंतीपलीकडे त्याला घराची गच्ची दिसते आहे, पण तिथवर रस्ता नाही. फिरून मुख्य रस्त्यावर यावं लागतं. एवढ्यात फोन लागतो आणि आपण म्हणतो, ‘अरे, इथंच तर आहे, सगळ्यांना सापडतं.’

हाच पत्ता नीट लिहायला एकदाच पाच मिनिटं लागतात. सोसायटीचं किंवा ले-आउटचं पूर्ण नाव. मुख्य रस्त्यावरून वळायची खूण आणि त्यानंतर कितवी गल्ली, कोणत्या हाताला. फाटकाचा रंग. मजला. पिन कोड. आणि नकाशावरची खूण फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून लावायची. पिन कोडचं आपल्याला विशेष वाटायला हवं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची व्यवस्था केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी उभी केली. ते मराठी माणूस आणि संस्कृतचे नामवंत कवी. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांतून पत्र वाट चुकू नये, म्हणून त्यांनी आकडे आणले. आकडा टपाल कार्यालयापर्यंत नेतो. तिथून फाटकापर्यंतचा रस्ता दाखवणं अजून आपल्याकडेच आहे.

फाटकावर नंबर ठळक रंगवलेला असावा, आणि संध्याकाळी त्यावर उजेड पडावा. बाहेरचा दिवा आपण एरवीही लावतो. पार्सल येणार असेल तर तो जरा आधी लावायचा. कुत्रा असेल तर बेल वाजल्यावर त्याला बांधायला धावण्यापेक्षा आधीच बांधून ठेवावा. ‘तो काही करत नाही’ हे आपल्याला माहीत असतं, फाटकाबाहेरच्या माणसाला माहीत नसतं. त्याला दिवसभरात अनेक अनोळखी फाटकं उघडायची असतात.

आता ओटीपीबद्दल, कारण नागपूरच्या घरांत याचा एक विशेष प्रकार घडतो. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरुला. आई-बाबा इथे खामल्याला. मुलगा प्रेमानं तिथून मिक्सर मागवतो, ‘परस्पर घरी पाठवला’ म्हणतो. पार्सल येतं आणि ओटीपी जातो मुलाच्या फोनवर. मुलगा मीटिंगमध्ये. बाबा फोन लावत राहतात, आई दारात अवघडून उभी, आणि तो माणूस पायरीवर. शेवटी पार्सल परत जातं, किंवा तो वीस मिनिटं थांबतो. दूर राहणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की पत्त्यात आई-बाबांचाच फोन नंबर द्यावा, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर येणार असेल तर पार्सल निघाल्याचा निरोप येताच तो त्यांना कळवून ठेवावा. इथे सावधगिरीही सांगायलाच हवी. पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नये, आणि कुणी नुसता फोन करून मागितला तर मुळीच देऊ नये. खरा पार्सलवाला याचा राग मानत नाही. तयार राहणं आणि सावध राहणं यांत काही विरोध नाही. आकडा कागदावर लिहून दाराशी ठेवा, पार्सल बघा, मग सांगा.

पार्सल हातात आल्यावर रोख पैसे द्यायचे असतील तर नेमकी रक्कम तयार ठेवावी. त्याला संध्याकाळी हबवर हिशोब जुळवून द्यावा लागतो आणि कमी पडलेले रुपये बहुधा त्याच्याच खिशातून जातात. पाचशेची नोट पुढे करून ‘सुट्टे नाहीत का तुझ्याकडे?’ असं विचारणं म्हणजे दिवसभर सुट्ट्यांची पेटी घेऊन फिरण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं आहे.

इतकं झालं की बेल वाजते. आणि आपल्या शहरात ही बेल मे महिन्यात, नवतपात, दुपारी दीडलाही वाजते.

नागपूरचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. हे आणि हवामान खात्याचे रोजचे आकडे सावलीतले असतात. जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक ठेवून ते मोजतात. डांबरावर, गाडीच्या तापलेल्या सीटवर, डोक्यात हेल्मेट घालून बसलेल्या माणसाला जे सोसावं लागतं ते याहून बरंच जास्त. माणसाची कातडी साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्यापेक्षा गरम झाली की वारा शरीराला निववत नाही, उलट तापवतो. मग निवण्याचा एकच मार्ग उरतो, घाम. आपल्या इथल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. अंग ओलं दिसत नाही, म्हणून किती पाणी गेलं ते त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही. कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून अशा उन्हात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

हे आपल्या शहरानं एका बाबतीत ओळखलं आहे. उन्हाळ्यात भर दुपारी नागपुरातल्या अनेक चौकांतले सिग्नल बंद ठेवले जातात, लोकांना लाल दिव्यापाशी उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. मिनिट-दीड मिनिटाचं उभं राहणंसुद्धा त्या उन्हात जाचक असतं, हे तिनं मान्य केलं आहे. मग जो माणूस चौकात थांबू नये म्हणून आपण दिवा बंद करतो, त्यालाच फाटकाबाहेर पाच मिनिटं उभा कसा ठेवतो?

पहिली गोष्ट सावली. फाटक उघडून ‘भाऊ, पोर्चमध्ये या, सावलीत उभे रहा’ एवढं म्हणायचं. अनोळखी माणसाला घरात घेण्याची भीती असेल तर ती समजण्यासारखी आहे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांची. पण पोर्च, ओसरी, जिन्याखालची जागा, सोसायटीच्या दारातलं छत म्हणजे घर नव्हे. जुलैतल्या पावसातही तेच. त्याच्या पिशवीत आपल्याखेरीज आणखी चाळीस लोकांच्या वस्तू आहेत आणि भिजलेल्या पुड्याची तक्रार त्याच्याच नावावर जाते.

दुसरी गोष्ट पाणी. विदर्भात उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करणं ही जुनी रीत. तांब्या राहिला नाही, गूळ राहिला नाही, तरी माठ अजून अनेक घरांत आहे. ‘पाणी हवं का?’ असं विचारलं की बहुतेक मुलं संकोचानं ‘नको’ म्हणतात आणि निघतात. विचारण्यापेक्षा भरलेला पेला घेऊनच दाराशी जावं. त्याला घाई असेल तर त्याची रिकामी बाटली मागून भरून द्यावी. ती तो वाटेत पिऊ शकतो. मला यातली बाटलीची पद्धत जास्त उपयोगाची वाटते, कारण ती त्याची मिनिटं खात नाही.

आणि पाणी कशातून द्यायचं, हे मला आज स्पष्ट बोलायचं आहे. काही घरांत बाहेरच्यांसाठी वेगळा पेला असतो. फळीच्या टोकाला ठेवलेला, थोडा चेपलेला. कुणी तो स्वच्छतेसाठी म्हणून ठेवतात, कुणी कारण न सांगता. आपण ज्या शहरात बसलो आहोत तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी एका जुन्या अपमानाकडे पाठ फिरवली. ज्यांच्या मागे ती माणसं गेली, त्या बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. लहानपणी शाळेत तहान लागली तरी त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पाणी मिळण्याबरोबरच ते कसं मिळतं याचाही घाव बसतो, हे नागपूरकरांना कुणी शिकवायला नको. म्हणून पाहुण्याला ज्या पेल्यातून देतो त्याच पेल्यातून पाणी द्यावं, आणि मग तो इतर भांड्यांबरोबरच घासावा. त्या वेगळ्या पेल्याला माझ्या मते कोणतंही चांगलं कारण नाही.

लिफ्टचंही तेच. काही इमारतींत ‘डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा’ अशी पाटी असते. सहाव्या मजल्यावरच्या घरानं पाण्याचा जड कॅन मागवायचा आणि आणणाऱ्यानं जिन्यानं यायचं, ही पाटी कुणी लावली हे कुणालाच आठवत नसतं. सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय काढायला एक सभासद पुरे. त्याच सभेत आणखी एक गोष्ट ठरवावी. चौकीदारासाठी असलेलं स्वच्छतागृह येणाऱ्या पार्सलवाल्यांना, विशेषतः स्त्रियांना, वापरू द्यावं. या कामात आता मुली आणि बायकाही आहेत. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या बाईला शहरात जागा सापडत नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते आणि मग ऊन तिला आधी लागतं. पाण्याचा पेला आणि हे दार या दोन्ही गोष्टी मिळूनच उपयोगी पडतात. कुलूप उघडं ठेवायला खर्च येत नाही.

ऊन लागलेला माणूस ओळखायलाही शिकून घेऊ या. डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं, चक्कर येते. इथवर सावली, पंखा, विश्रांती आणि घोटघोट पाणी पुरतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं तर आणखी बरं. चमचा चहाचा, लहान. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, पत्ता विसरला, पाय लटपटू लागले, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा १०८ ला फोन करावा, त्याला आडवं करावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून कुलरसमोर ठेवावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. ‘पिऊन आलाय वाटतं’ असं म्हणून दार लावण्याआधी हे आठवावं. मे महिन्याच्या दुपारी अडखळत बोलणारा माणूस बहुधा आजारी असतो.

बोलण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ‘ए’ म्हणू नये, ‘तुम्ही’ म्हणावं. आपल्याकडे भाऊ, दादा, ताई हे शब्द आहेतच. कानाला फोन लावून पार्सल घेऊ नये. उशीर झाला असेल तर रागावण्याआधी विचार करावा की उशीर हॉटेलात, हबमध्ये किंवा रेल्वे फाटकावरही झालेला असू शकतो. त्यातलं काहीच त्याच्या हातात नसतं, आणि आपण दिलेला एक तारा मात्र त्याच्या नावावर चढतो. फुटलेल्या वस्तूची तक्रार कंपनीकडे करावी, त्याच्या वागण्याचे गुण वेगळे द्यावेत. काम चोख झालं असेल तर पूर्ण तारे तिथल्या तिथे द्यावेत. ते आपण नंतर विसरतो.

या सगळ्यानं त्यांचे मूळ प्रश्न सुटत नाहीत, हे मी जाणतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानं २०२०-२१ मध्ये अशी अंगावरची कामं करणारे ७७ लाख लोक देशात असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं. त्यांची मजुरी, विमा, अपघातानंतरचा आधार हे कायद्याचे आणि कंपन्यांचे प्रश्न आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची पहिल्यांदा व्याख्या झाली आणि कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के वाटा त्यांच्यासाठी द्यावा अशी तरतूद आहे. तिचा पाठपुरावा नागरिक म्हणून आपण केलाच पाहिजे. पण त्याला लागेल तो काळ लागो, उद्या दुपारी दीडला वाजणारी बेल त्यासाठी थांबणार नाही.

म्हणून घरी गेल्यावर आजच एक काम करा, ही माझी विनंती आहे. फोनमधला आपला पत्ता उघडा, फाटकाबाहेर उभं राहून नकाशावरची खूण नीट लावा, आणि ले-आउटचं नाव व गल्लीची खूण त्यात लिहा. दूर असलेल्या मुलांना आई-बाबांचा नंबर घालायला सांगा. आणि उन्हाळाभर दाराशी एक भरलेला माठ आणि एक चांगला पेला ठेवा.